पुण्यस्मरणाचा मजकूर: दरवर्षी तोच माणूस, पण तीच वाक्यं नकोत

प्रश्न: वडिलांना जाऊन यंदा सहा वर्षं होतील. आम्ही दरवर्षी पेपरात पुण्यस्मरणाची छोटी जाहिरात देतो. लिहायला बसलं की मागच्या वर्षीचीच वाक्यं सुचतात. शब्द बदलून पाहिले, तरी आई वाचून म्हणाली, "हेच तर होतं की गेल्या वर्षी." दरवर्षी त्याच माणसाबद्दल वेगळं काय आणि कसं लिहायचं? (कोथरूड, पुणे)

उत्तर:

तुमच्या आईंनी बरोबर ओळखलं. मी पुण्यात पंचवीसेक वर्षं छोट्या जाहिरातींचं काम करतो आहे, त्यात पुण्यस्मरणाचे मजकूर सगळ्यात जास्त. वाढदिवसाचा मजकूर दरवर्षी लिहिणं त्या मानानं सोपं असतं. त्या माणसाचं एक वर्ष पुढे गेलेलं असतं, त्या वर्षात काहीतरी घडलेलं असतं. गेलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र नवं काही घडणार नसतं, म्हणून हात आपोआप जुन्या वाक्यांकडे जातो. यावर उपाय आहे, पण तो शब्द बदलण्यात नाही.

आधी एक काम करा. मागच्या पाचही वर्षांची कात्रणं एका कागदावर एकाखाली एक चिकटवा. कात्रणं नसतील तर तुमच्या एजन्सीकडे जुनी फाइल असते, ती मागून घ्या. मग सलग वाचा. धनकवडीतल्या एका घरासाठी मी हे केलं होतं, ते तुम्हाला दाखवतो. वडील पीएमटीत कंडक्टर होते, घरात सगळे त्यांना दादा म्हणत. 2017 साली गेले. पहिल्या तीन वर्षांचे मजकूर असे होते:

"दादा, तुम्ही प्रेमळ, मनमिळाऊ आणि शिस्तप्रिय होता. तुमची पोकळी कधीच भरून निघणार नाही."

"दादा, तुमचा मायाळू, हसतमुख स्वभाव आम्ही विसरू शकत नाही. तुमची उणीव पदोपदी भासते."

"दादा, तुमच्या प्रेमळ छत्राला आम्ही पारखे झालो. तुमची कमतरता सतत जाणवते."

चौथ्या वर्षी यातलीच वाक्यं उलटसुलट झाली आणि पाचव्या वर्षी पहिला मजकूर जसाच्या तसा परत आला. मुलानं दरवर्षी मनापासून लिहिलं होतं, कुठून उचललं नव्हतं. पण नीट पाहिलं तर पाचही वर्षं एकच मजकूर आहे. पहिलं वाक्य म्हणतं, तुम्ही चांगले होता. दुसरं म्हणतं, तुम्ही आता नाही. "प्रेमळ"च्या जागी "मायाळू" आलं आणि "पोकळी"च्या जागी "उणीव", तरी सांगाडा तोच राहतो. वाचणाऱ्याच्या लक्षात शब्द राहत नाहीत, सांगाडा राहतो. तुमच्या आईंना खटकलं ते हेच. म्हणून समानार्थी शब्द शोधत बसू नका. त्यातून एवढंच होतं की साधा शब्द जाऊन जड शब्द येतो. "आठवण येते" हे चांगलं वाक्य असतं, त्याची तिसऱ्या वर्षी "स्मृती दाटून येतात" होते आणि पाचव्या वर्षी "स्मृतींचा हिंदोळा". घरात असं कोणी बोलत नाही.

सांगाडा मोडायचा तर विशेषण सोडावं लागतं. स्वभावाची विशेषणं मोजकीच असतात आणि ती सगळ्याच वडिलांना लागू पडतात. एक साधी परीक्षा घ्या. ज्या दिवशी तुमची जाहिरात येते त्या दिवशी त्याच पानावर आणखी चार-सहा पुण्यस्मरणं असतात. तुमच्या मजकुरावरचा फोटो बोटानं झाका आणि शेजारचा फोटो तिथे कल्पून पाहा. मजकूर तिथेही तितकाच शोभला तर तो तुमच्या वडिलांचा नाही. बहुतेक मजकूर या परीक्षेत पडतात. एजन्सीच्या वहीतल्या तयार चारोळ्या तर पडण्यासाठीच लिहिलेल्या असतात, कारण त्या कोणालाही चालाव्यात म्हणून केलेल्या असतात.

मग नवं कुठून आणायचं? वडिलांच्या आयुष्यात नवं घडणार नाही, पण तुमच्या घरात वर्ष गेलेलं असतं. "ते कसे होते?" हा प्रश्न दरवर्षी विचारला तर उत्तर दरवर्षी तेच येणार. त्याऐवजी विचारायचं, "या वर्षभरात त्यांचं काय कामाला आलं? किंवा कुठे अडलं?" याचं उत्तर दरवर्षी वेगळंच असतं, कारण वर्ष वेगळं असतं.

धनकवडीच्या घरी सहाव्या वर्षी मी हा प्रश्न दादांच्या पत्नीला विचारला. मुलगा शेजारी बसला होता. आधी त्या म्हणाल्या, "तसं काही नाही हो." असं सगळेच म्हणतात, त्यामुळे मी तिथे थांबत नाही. मी विचारलं, घरात एखादं काम असं आहे का, जे ते करायचे आणि आता दुसरं कोणी करतं? थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गॅस." मध्यंतरी ऐन पाहुण्यांत सिलिंडर संपला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सिलिंडर लावला की दादा स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत "सि. लावला" असं पेन्सिलीनं लिहायचे. चार माणसांना चौदा किलोचा सिलिंडर किती दिवस पुरतो हे त्यांना त्यावरून ठाऊक असायचं आणि नंबर वेळेत लागायचा. ते गेल्यावर कोणी लिहीतच नव्हतं, इतकी वर्षं नशिबानं निभावलं. त्या दिवसापासून त्या स्वतः लिहायला लागल्या.

मुलगा लगेच म्हणाला, "मग असं लिहू या: दादा, तुमचा काटेकोरपणा आजही आठवतो." इथे बहुतेक घरं पुन्हा घसरतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. हातात खरी गोष्ट आलेली असते आणि आपण तिचं परत विशेषण करून टाकतो. काटेकोर म्हटलं की कॅलेंडर गेलं, पेन्सिल गेली, दार गेलं, उरला तो कुठल्याही घरातला काटेकोर माणूस. गोष्ट जशी घडली तशीच ठेवायची. आम्ही लिहिलं:

"दादा, सिलिंडर लावल्याची तारीख आता आई कॅलेंडरवर लिहिते."

आईंना आधी ते रुचलं नाही. "पेपरात गॅसबिस काय लिहायचं?" असं त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पेपर अनोळखी माणसंही वाचतात आणि घरातली प्रत्येक गोष्ट तिथे शोभत नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं की एकदा मोठ्यानं वाचून घ्या, नको वाटलं तर काढून टाकू. मुलानं वाचलं. त्यांनी परत एकदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "पेन्सिलनेच, असं घाला पुढे." छापला तो मजकूर असा होता:

"दादा, सिलिंडर लावल्याची तारीख आता आई कॅलेंडरवर लिहिते. पेन्सिलनेच."

सगळे मिळून नऊ शब्द. यात "प्रेमळ" नाही, "उणीव" नाही, तरी उणीव कळते. आणि हे वाक्य पाचव्या वर्षी सुचणं शक्यच नव्हतं, कारण सिलिंडर संपला तो सहाव्या वर्षी.

नऊ शब्द कमी वाटतील, पण जागेचा हिशेबही तोच सांगतो. सजावटीच्या जाहिरातीचा दर चौरस सेंटिमीटरवर असतो. दोन कॉलम रुंद आणि आठ-दहा सेंटिमीटर उंच चौकटीत फोटो, नाव, दोन तारखा आणि कुटुंबाची नावं बसवली की मधल्या मजकुराला फार तर तीसेक शब्दांची जागा उरते. तीही भरली तर अक्षर इतकं बारीक होतं की ज्यांच्यासाठी छापतो ती वयस्क माणसं वाचू शकत नाहीत. एक गोष्ट, एक किंवा दोन वाक्यं, यापुढे जाऊ नका. दोन आठवणी सुचल्या असतील तर दुसरी पुढच्या वर्षासाठी ठेवा.

दुसरी वाट आहे ती बोलणारा बदलण्याची. तुमच्या पाचही मजकुरांत बहुधा "आम्ही" बोलत असेल. "आम्ही" म्हणजे सगळे, म्हणून कोणाचीच नेमकी आठवण त्यात येत नाही. एखाद्या वर्षी फक्त आईंचं वाक्य घ्या, एखाद्या वर्षी नातवाचं, एखाद्या वर्षी त्यांच्याबरोबर रोज सकाळी पर्वतीला जाणाऱ्या मित्राला विचारा. मित्राकडे घराला ठाऊक नसलेलं काहीतरी हमखास असतं. ज्याचं वाक्य, त्याचं नाव खाली शेवटी एकटं द्यायचं. मात्र नातवाच्या तोंडी मोठ्या माणसाचं वाक्य घालू नका. "आजोबा, तुमचे संस्कार आमची शिदोरी आहेत" असं आठ वर्षांचं मूल म्हणत नाही.

आता काय बदलायचं नाही ते. नव्याच्या नादात लोक नेमकं हेच बदलतात.

हाक बदलू नका. घरात बाबांना "अहो" म्हणत असाल तर "तुम्ही", "अरे" म्हणत असाल तर "तू". आईला आपल्याकडे बहुतेक घरांत "तू" म्हणतात, तरी पेपरात छापायचं म्हणून लोक "आई, आपण आम्हाला सोडून गेलात" असं लिहितात. आयुष्यभर जिला "आई, तू जेवलीस का" म्हटलं तिला आता "आपण"? ती कोणी परकी बाई वाटायला लागते. एकदा ठरलेली हाक दरवर्षी तीच राहू द्या.

नाव, तारखा आणि हुद्दाही तसेच राहू द्यायचे. या दादांच्या नावाखाली "पी.एम.टी. तून निवृत्त" असं असायचं. एका वर्षी कोणीतरी ते "अद्ययावत" करून पीएमपीएमएल करून टाकलं. पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली ती 2007 साली, आणि दादा त्याच्या तीन वर्षं आधीच निवृत्त झाले होते. त्यांनी त्या नावाखाली एक दिवसही नोकरी केली नव्हती. आईंनी ते पुढच्या वर्षी परत पीएमटी करून घेतलं.

शीर्षकातला आकडा मात्र दरवर्षी बदलतो आणि तिथेच घोटाळे होतात. हिशेब साधा आहे. चालू सालातून गेल्याचं साल वजा करा. 2017 साली गेलेल्या माणसाचं 2018 साली प्रथम पुण्यस्मरण आणि 2023 साली सहावं. सहाव्याला पुष्कळ जण "षष्ठम" छापतात. पंचम, सप्तम, अष्टम यांच्या चालीवर ते होतं, पण शब्द "षष्ठ" आहे, जसा चौथ्याला "चतुर्थ". शंका असेल तर सरळ "सहावे पुण्यस्मरण" लिहा, ते उत्तम मराठी आहे.

खालचा शब्दही वर्षांबरोबर बदलायला हवा, याकडे फार कमी लोक पाहतात. पहिल्या वर्षी "शोकाकुल" खरं असतं. सहाव्या वर्षी घरात लग्नं झालेली असतात, बारसं झालेलं असतं, तरी खाली "शोकाकुल" तसंच छापलं जातं. ते आता खरं नसतं आणि वाचताना जाणवतं. "भावपूर्ण श्रद्धांजली" मी निधनाच्या आणि फार तर पहिल्या वर्षाच्या जाहिरातीपुरती ठेवतो. पुढे "विनम्र अभिवादन" पुरतं. काही घरं कुटुंबाच्या नावांआधी काहीच लिहीत नाहीत, तेही चांगलं दिसतं.

मागच्या वर्षीची फाइल उघडून फक्त आकडा बदलायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी सवय. ती किती महागात पडते हे मी स्वतः केलेल्या चुकीतून शिकलो. मी तेव्हा ज्या एजन्सीत होतो तिथे एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "गेल्या वर्षीचंच चालवा." मी "तृतीय"चं "चतुर्थ" केलं आणि पाठवून दिलं. खालच्या नावांत गेलेल्या गृहस्थांच्या धाकट्या भावाचं नाव होतं, आणि ते भाऊ मधल्या काळात वारले होते. रविवारच्या अंकात ते "शोकाकुल" म्हणून छापून आले. त्यांच्या पत्नीनं ते सकाळी चहा घेताना वाचलं. मी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पेपर घडी करून ठेवला. तेव्हापासून मजकूर जुना असो की नवा, खालची यादी मी दरवर्षी कोऱ्या कागदावर पुन्हा लिहून घेतो. कोण गेलं, कोण नवं आलं, कोणाच्या नावामागे काय लावायचं, हे जुन्या यादीवर टिचक्या मारत तपासलं की नजर चुकते. नव्यानं लिहिलं की चुकत नाही.

तिथीचीही अशीच गोष्ट. घरात श्राद्ध तिथीनं असतं, जाहिरात बहुतेक जण तारखेला देतात. तिथी दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. म्हणून मजकुरात "आज माघ शुद्ध पंचमीला" असं काही असेल तर ते पुढच्या वर्षी त्याच तारखेला खोटं ठरतं. तिथी घालायचीच असेल तर नावाखाली मृत्यूच्या दिवसाची म्हणून घाला, "आज" म्हणून नको.

आता तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगाचं. मजकूर जाहिरातीच्या आदल्या रात्री शोधू नका. त्या दिवशी मन भरलेलं असतं आणि लेखणी रिकामी. शिवाय एजन्सीला दोन-तीन दिवस आधी मजकूर लागतो, त्यामुळे घाई होते आणि घाईत जुनंच वाक्य येतं. गोष्टी वर्षभर पडत असतात, त्या पडतील तेव्हाच उचलायच्या. मी गिऱ्हाइकांना पितृपक्षाचा दिवस सांगतो. त्या दिवशी सगळे एकत्र असतात, गवार-भोपळा, आमसुलाची चटणी, वडे, खीर असं पान वाढलं जातं, आणि जेवताना कोणीतरी बोलतंच, "त्यांना वडा गारच लागायचा" किंवा "चटणी त्यांच्या हातचीच." जेवण झाल्यावर लगेच तो एक तुकडा, बोलणाऱ्याच्याच शब्दांत, वहीत लिहून ठेवा. नंतर लिहू म्हटलं की त्याचं पुन्हा "खाण्याचे शौकीन होते" होऊन जातं.

एखाद्या वर्षी काहीच सापडलं नाही तर? तर मजकूर देऊ नका. फोटो, नाव, तारखा, "विनम्र अभिवादन", बस. मोकळी जागा चांगली दिसते. उधार घेतलेल्या चार ओळींपेक्षा ती कधीही बरी. ज्या वर्षी घरात आजारपण किंवा दुसरं दुःख असेल त्या वर्षी मी स्वतःच हे सुचवतो.

आणि तुमच्या आईंना विचारून घ्या की त्यांना वेगळं हवं आहे का. माझ्याकडे एक घर आहे, तिथल्या आजी अकरा वर्षं एकच ओळ छापतात: "अहो, दार उघडंच आहे." आजोबा रात्रपाळीहून यायचे तेव्हा त्या आतून हे म्हणायच्या. त्या ओळीला मी कधी हात लावलेला नाही. ती आळसानं आलेली नाही हे वाचणाऱ्याला कळतं, कारण तिच्या आजूबाजूला दुसरं काहीच नाही आणि ती दुसऱ्या कोणाच्या फोटोखाली बसत नाही. फोटो झाकायच्या परीक्षेत ती अकरा वर्षं टिकली आहे. तुमच्या मजकुरातही असं एखादं वाक्य असेल तर ते ठेवा आणि बाकीचं काढा. तुमच्या आई "हेच होतं की" असं तक्रारीनं म्हणाल्या, म्हणजे तुमच्याकडे अजून ते नाही.

यंदासाठी आज संध्याकाळीच आईंजवळ बसा. "बाबांबद्दल काय लिहू?" असं विचारू नका, त्यावर त्या म्हणतील, "लिही की, चांगले होते." विचारा की या वर्षात कुठलं काम करताना ते हवे होते असं वाटलं, त्यांची कुठली वस्तू यंदा कोणी वापरली, त्यांचं कुठलं वाक्य यंदा घरात कोणाच्या तोंडून निघालं. पहिल्या "तसं काही नाही"ला उठू नका. त्या जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, विशेषण सुचलं तर खोडा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांनी एखादा शब्द घालायला सांगितला तर तो तिथेच घाला, व्याकरण नंतर पाहू.

धनकवडीच्या मुलानं सातव्या वर्षी मजकूर स्वतःच पाठवला. मी शीर्षकातलं "सप्तम" आणि खालची नावं एवढंच तपासलं. मजकूर होता: "दादा, सुट्ट्या पैशांचा तुमचा डबा घेऊन नात वीसपर्यंत मोजायला शिकली."